निळ्या झाकणाचा डबा: अंड्याच्या पांढऱ्याचा फेस का बसत होता, याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

ही गोष्ट एका छोट्या केक किचनची आहे. तिथे दोनच माणसं काम करतात. मालकीणबाई स्वतः केक करतात, त्यांना इथे ताई म्हणू. त्यांच्या हाताखाली एक तरुण मदतनीस आहे. ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे, पण प्रमाणं आणि घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवला आहे.

त्यांचा मुख्य माल म्हणजे शिफॉन केक. त्यात दोन मिश्रणं वेगवेगळी होतात. एकात अंड्याचा बलक, तेल, पाणी, मैदा, साखर आणि बेकिंग पावडर. दुसऱ्यात नुसतं अंड्याचं पांढरं, फेटून त्याचा ताठ फेस केलेला. शेवटी फेस पहिल्या मिश्रणात हलक्या हाताने फोल्ड करायचा, म्हणजे जोरात न ढवळता खालून वर घेत मिसळायचा, मधे नळी असलेल्या, आतून तूपतेल न लावलेल्या टिनमध्ये ओतायचं आणि भाजून झाल्यावर टिन उलटा करून थंड होऊ द्यायचा. बेकिंग पावडर थोडी मदत करते, पण केकची उंची मुख्यतः फेसात अडकलेल्या हवेवर उभी असते.

एका केकला ताई 240 ग्रॅम पांढरं घेतात, म्हणजे साधारण सात-आठ अंडी. त्यात पाऊण-एक चिमूट नव्हे, तर नीट मोजून अर्धा चमचा क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे फेसाला आधार देणारी आम्लाची पूड, आणि 90 ग्रॅम साखर. मध्यम वेगावर फेस उठू लागला की क्रीम ऑफ टार्टर जातं. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून लगेच वळलं, म्हणजे सॉफ्ट पीक आलं, की साखर थोडी थोडी करून घालायची. टोक ताठ राहिलं आणि फेस चकचकीत दिसला की थांबायचं. त्यांच्या मशीनवर याला पाच ते सहा मिनिटं लागतात. कृतीत काहीच चूक नव्हती. वर्षानुवर्षं याच कृतीने केक चांगले होत होते.

अडचण

मग काही केक बसायला लागले. सगळे नाही, आणि हाच त्रास होता. एखाद्या दिवशी सकाळचा केक टिनच्या काठापर्यंत फुलायचा आणि त्यानंतरचा दोन बोटं खालीच राहायचा. कापला तर टिनच्या तळाच्या बाजूला ओलसर, रबरासारखा दाट पट्टा दिसायचा आणि वरचा भाग ठीक असायचा. हा पट्टा बरंच काही सांगतो. फेसातलं जे पांढरं बुडबुड्यांमध्ये धरलं गेलं नाही ते द्रवरूपात खाली उतरतं आणि तळाशी शिजून घट्ट होतं. त्यामुळे मला पहिला संशय भट्टीचा आला नाही, फेसाचा आला.

ताईंनी सांगितलेलं वर्णनही तिकडेच बोट दाखवत होतं. "फेस होतच नाही असं नाही," त्या म्हणाल्या, "होतो, पण मन भरत नाही. दहा-दहा मिनिटं फिरवते, तरी टोक वाकतंच." खाली थोडं पाणी दिसतं का, असं विचारल्यावर मदतनीस म्हणाला, "भांड्याच्या तळाशी असतं, ताई. मी तिरकं करून बघितलंय."

इथे एक फरक समजून घ्यायला हवा, कारण निदान पुढे त्यावरच उभं राहिलं. पांढऱ्याचा फेस वेगवेगळ्या कारणांनी बिघडतो आणि प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते. जास्त फेटलेला फेस आधी ताठ होतो आणि मग मोडतो: चकाकी जाते, दाणेदार गोळे दिसतात, आणि पाणी त्यानंतर सुटतं. साखर फार लवकर घातली तर फेस व्हायला खूप वेळ लागतो, पण होतो तो बारीक आणि चकचकीत होतो. जुन्या अंड्यांचं पांढरं पातळ झालेलं असतं, ते पटकन फुलतं, पण त्यातून पाणी लवकर सुटतं. ओशटपणा असेल तर मात्र फेस ताठ होण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. बुडबुडे मोठे राहतात, रंग दुधी पांढरा होण्याऐवजी थोडा राखाडी, पाणीदार राहतो, आणि एका जागी येऊन आकारमान वाढायचं थांबतं. ताईंचं वर्णन या शेवटच्या खुणेशी जुळत होतं.

चरबी फेसाचं नेमकं काय करते

अंड्याच्या पांढऱ्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी आणि साधारण दहा टक्के प्रथिनं असतात. स्निग्ध पदार्थ जवळपास नसतातच. फेटताना हवेचे बुडबुडे आत ओढले जातात आणि प्रथिनांचे गुंडाळलेले रेणू त्या बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर येऊन उलगडतात. त्यांचा पाण्याला चिकटणारा भाग पाण्याकडे राहतो आणि पाण्यापासून दूर पळणारा भाग हवेकडे वळतो. उलगडलेले रेणू मग शेजारच्या रेणूंना धरतात, आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती जाळीसारखा एक पातळ पापुद्रा तयार होतो. ताठ फेस म्हणजे अशा असंख्य पापुद्र्यांची एकमेकांत गुंतलेली रचना.

चरबीच्या रेणूंनाही पाण्यापासून दूर राहायचं असतं, म्हणून तेही त्याच पृष्ठभागाकडे धावतात, आणि प्रथिनांना बाजूला सारून तिथे बसतात. पण त्यांना एकमेकांना घट्ट धरता येत नाही. हात धरून उभ्या असलेल्या माणसांच्या साखळीत मधेच हात न धरणारी माणसं घुसावीत, तसं होतं. पापुद्र्यात कमकुवत जागा राहतात, शेजारचे दोन बुडबुडे फुटून एक होतात, मोठे बुडबुडे अजून लवकर फुटतात. मशीन नवे बुडबुडे करत असतं आणि जुने त्याच वेगाने मोडत असतात. म्हणून जास्त वेळ फिरवून उपयोग होत नाही.

बलक साध्या तेलापेक्षा जास्त त्रास देतो, कारण त्यातली चरबी आधीच अतिशय बारीक कणांत विभागलेली असते आणि सोबत लेसिथिनसारखे पदार्थ असतात, ज्यांचं कामच मुळी पृष्ठभागावर पसरणं हे आहे. ते पांढऱ्यात क्षणात मिसळतात. भांड्याला राहिलेला साबणही याच कारणाने फेस बिघडवतो, हे अनेकांना माहीत नसतं.

आता कुणीही विचारील तो प्रश्न ताईंनीही विचारला. चरबी एवढी वाईट, तर शिफॉनमध्ये तोच फेस आपण तेल आणि बलकाच्या मिश्रणात घालतो, तेव्हा तो का टिकतो? मला हा या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न वाटतो. उत्तर वेळेत आहे. पापुद्रा तयार होत असताना चरबी आली तर ती प्रथिनांची जागा घेते. पापुद्रा तयार होऊन प्रथिनांनी एकमेकांना धरल्यानंतर आली तर तिला तितकी सहज आत शिरता येत नाही. शिवाय त्या मिश्रणातलं तेल मोकळं नसतं. बलकाने त्याचे थेंब वेढलेले असतात आणि मैद्याने मिश्रण दाट झालेलं असतं. तरीही हा टिकाव काही मिनिटांचाच. फोल्ड केलेलं मिश्रण ओट्यावर ठेवून दुसरं काम करायला गेलं की फेस हळूहळू मोडतोच. फेटण्याआधी पांढऱ्यात एक थेंब बलक चालत नाही, पण फेटून झाल्यावर पाच बलक चालतात, हे ऐकायला विचित्र वाटलं तरी खरं आहे.

विचारात घेतलेले पर्याय

मी जाण्याआधी त्यांनी काही उपाय करून पाहिले होते. फेस जमत नाही असं दिसलं की पहिल्यांदा जास्त फिरवायचं. मग क्रीम ऑफ टार्टर वाढवायचं. आम्लामुळे प्रथिनं योग्य वेळी जुळतात आणि जास्त फेटलं जाण्याचा धोका कमी होतो, पण पृष्ठभागावर बसलेली चरबी आम्लाने हलत नाही. म्हणून फायदा झाला नाही, उलट एका केकला किंचित आंबट चव आली. एकदा त्यांनी मऊ फेस तसाच फोल्ड केला आणि बेकिंग पावडर वाढवली. तो केक भट्टीत फुलला आणि बाहेर आल्यावर खचला. पावडरीचा वायू कशात तरी धरला जावा लागतो, आणि धरणारी रचनाच तिथे कमजोर होती.

आणखी दोन पर्याय समोर होते. एक, बिघडलेल्या फेसात ताजं पांढरं घालून पुन्हा फेटायचं. जास्त फेटलेल्या फेसाला हा उपाय कधी कधी सावरतो, पण ओशट फेसात फक्त चरबी थोडी विरळ होते आणि आणखी पांढरं वाया जातं. दुसरा, पाश्चराइज केलेलं डबाबंद पांढरं आणायचं. त्यात बलकाचा प्रश्न येत नाही. मात्र सौम्य उष्णतेतून गेल्यामुळे त्यातली काही प्रथिनं बदललेली असतात आणि ते फुलायला जास्त वेळ घेतं. ताईंचा कल या पर्यायाकडे होता. मी थांबा म्हटलं, कारण त्याने कदाचित अडचण गेली असती, पण ती कशाने आली होती हे कळलं नसतं. कारण भांड्यात असतं, तर डबाबंद पांढरंही त्याच भांड्यात ओतलं गेलं असतं.

म्हणून आधी नोंद ठेवायचं ठरलं. प्रत्येक केकमागे चार गोष्टी लिहायच्या: अंडी कुणी फोडली, पांढरं कोणत्या भांड्यातून आलं, ताठ टोक यायला किती मिनिटं लागली, आणि फेसाचं वजन. हे शेवटचं मोजमाप फार सोपं आहे आणि माझ्या मते प्रत्येक केक करणाऱ्याने ते शिकून घ्यावं. 250 मिलिलिटरचा एक कप घ्यायचा, त्यात फेस दाबल्याशिवाय भरायचा, वर सुरीने सपाट करायचा आणि वजन करायचं. फेसात हवा जितकी जास्त, तितका कप हलका. ताईंच्या प्रमाणात, साखर घातलेला चांगला फेस एका कपात 50 ग्रॅमच्या आसपास भरत होता. बिघडलेला 65 ते 70 ग्रॅम. डोळ्यांना दोन्ही "बऱ्यापैकी" दिसत होते.

नोंदवहीत काय दिसलं

पहिला नमुना लगेच दिसला. सकाळी ताजी अंडी फोडून थेट मिक्सरच्या स्टीलच्या भांड्यात घेतलेलं पांढरं जवळजवळ नेहमी नीट फुलत होतं. आदल्या दिवशी वेगळं करून फ्रिजमध्ये डब्यात ठेवलेलं पांढरं दगा देत होतं. मदतनीसाचा निष्कर्ष सरळ होता: शिळं पांढरं चालत नाही. ताईंनाही ते पटलं, आणि आदल्या दिवशी अंडी फोडणं बंद करायचं असं जवळपास ठरलं.

इथेच थांबलो असतो तर निष्कर्ष चुकीचा ठरला असता. झाकलेलं पांढरं एक-दोन दिवस फ्रिजमध्ये राहिलं तर फुलायला हरकत नसते. थंडगार असेल तर वेळ थोडा जास्त लागतो, म्हणून आधी बाहेर काढून ठेवतात. उलट थोडं पातळ झालेलं पांढरं ताज्यापेक्षा लवकर फुलतं. नोंदवही पुन्हा वाचली तेव्हा दिसलं की डब्यातलं पांढरं प्रत्येक वेळी बिघडलेलं नव्हतं. डबे दोन होते, एक काचेचा आणि एक निळ्या झाकणाचा प्लास्टिकचा. काचेच्या डब्यातलं पांढरं पाच-सहा मिनिटांत ताठ होत होतं आणि कप हलका भरत होता. निळ्या झाकणाच्या डब्यातलं नव्हतं.

तो डबा आधी कशासाठी वापरला जात होता, हे विचारल्यावर मदतनीस क्षणभर थांबला. "बटरक्रीम ठेवायचो त्यात. पण धुतलाय, ताई, रोज धुतो." तो खरंच धुतलेला होता. पण प्लास्टिकला चरबी धरून ठेवायची सवय असते. वापरून वापरून आतून बारीक ओरखडे पडतात, त्यात ओशट थर बसतो, आणि कोमट पाण्याने व साध्या घासणीने तो पूर्ण निघत नाही. ताईंनी डब्याच्या आतून कोरडं बोट फिरवलं. काचेच्या डब्यावर बोट अडखळत, किरकिरत होतं. निळ्या डब्यावर ते सरकत होतं.

तरी नुसत्या अंदाजावर सोडायचं नव्हतं. एकाच वेळी फोडलेल्या अंड्यांचं पांढरं एकत्र करून त्याचे सारखे तीन भाग केले. एक काचेच्या डब्यात, एक निळ्या डब्यात, आणि तिसरा स्वच्छ काचेच्या वाडग्यात, पण त्यात पाव चमचा बलक मुद्दाम ढवळून. तिन्ही रात्रभर फ्रिजमध्ये राहिले, दुसऱ्या दिवशी खोलीच्या तापमानाला आणले आणि त्याच मशीनवर, त्याच वेगाने, सारख्याच प्रमाणात साखर घालून फेटले. काचेच्या डब्यातला फेस ताठ झाला आणि कप 49 ग्रॅम भरला. निळ्या डब्यातला दुप्पट वेळ घेऊनही सॉफ्ट पीकच्या पुढे गेला नाही. त्याचा कप 66 ग्रॅमचा होता. बलक घातलेल्यात मोठे बुडबुडे उठत राहिले, तळाशी पिवळट द्रव साचला आणि टोक असं काही आलंच नाही. मदतनीस ते भांडं तिरकं करून बराच वेळ पाहत होता.

सुटलेली एक नोंद

डबा सापडला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. पण नोंदवहीत एक बिघडलेला केक असा होता ज्याचं पांढरं कोणत्याच डब्यात गेलं नव्हतं. सकाळची ताजी अंडी, स्टीलचं भांडं, आणि तरी कप 63 ग्रॅम. तो दिवस ताईंना आठवत होता. घाईत सहाव्या अंड्याचा बलक फुटला होता आणि थोडा भांड्यात पडला होता. दिसणारा पिवळा भाग चमच्याने काढला आणि काम पुढे नेलं.

हा निर्णयाचा क्षण फार बारीक आहे. बलकाचा एक लहान, अखंड ठिपका पडला तर तो काढता येतो. स्वच्छ चमच्याच्या टोकाने किंवा टिपकागदाच्या कोपऱ्याने उचलला तर फेस ठीक होतो. पण बलक फुटून त्याचे धागे पांढऱ्यात पसरले असतील, तर डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा बराच जास्त आत विरघळलेला असतो. चमच्याने काढायला गेलं की उरलेला आणखी ढवळला जातो. अशा वेळी ते पांढरं फेसासाठी संपलं असं समजावं.

आणि किती बलकाने किती बिघडतं, याला एकच रेषा नाही. 240 ग्रॅम पांढऱ्यात सुईच्या टोकाएवढा अंश असेल तर मोठं मशीन फेस करूनच दाखवतं, फक्त थोडा उशिरा आणि थोडा कमी. थोडा जास्त असेल तर फेस दिसायला बरा पण कमजोर होतो. अजून वाढला की होतच नाही. पूर्ण अपयश त्यातल्या त्यात बरं, कारण ते लगेच कळतं आणि माणूस थांबतो. मधलं अर्धवट अपयश भट्टीपर्यंत जातं. ताईंचे बहुतेक बसलेले केक याच मधल्या पट्ट्यातले होते.

केलेले बदल

निळा डबा पांढऱ्याच्या कामातून कायमचा काढला. पांढऱ्यासाठी फक्त काच आणि स्टील, आणि त्या भांड्यांत दुसरं काहीही ठेवायचं नाही. बीटर आणि भांडं गरम पाणी आणि साबणाने धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत विसळून, कोरड्या स्वच्छ कागदाने पुसायचं. पूर्वी सगळी भांडी एकाच फडक्याने पुसली जात होती आणि त्याच फडक्याने तेलाचं मापही पुसलं जात होतं. ते फडकं बंद झालं. व्हिनेगरने भांडं पुसायची पद्धत ताईंना माहीत होती. ती ठेवायला हरकत नाही, पण व्हिनेगर चरबी विरघळवत नाही. खरं काम गरम पाणी, साबण आणि पुसण्याचं आहे, आणि मागे राहिलेलं किंचित आम्ल फेसाला मदत करतं इतकंच.

अंडी फोडायची रीत बदलली. प्रत्येक अंडं आधी एका लहान वाटीवर फोडायचं, पांढरं स्वच्छ आहे हे पाहायचं, आणि मगच मोठ्या भांड्यात ओतायचं. सातव्या अंड्याचा बलक फुटला तरी नुकसान एका अंड्याचं होतं, सातांचं नाही. बलक कवचाच्या दोन अर्ध्यांत इकडून तिकडे घालण्याऐवजी बोटांच्या फटीतून पांढरं खाली सोडायचं, कारण कवचाची धार बलकाचा पडदा फाडते. अंडी फ्रिजमधून काढल्याबरोबर फोडायची, थंड बलक घट्ट असतो. अंडं जुनं होत जातं तसा हा पडदा कमजोर होतो, म्हणून जुनी अंडी पूर्ण अंड्याच्या कामाला आणि ताजी वेगळी करण्याच्या कामाला असंही ठरलं.

माझ्या मते सर्वांत उपयोगी बदल क्रमाचा होता. शिफॉनमध्ये बलकाचं मिश्रण आधी आणि फेस शेवटी करावा लागतो, कारण फेस वाट पाहू शकत नाही. म्हणजे फेस करायला घेता तेव्हा हात, ओटा आणि स्पॅच्युला आधीच तेलाने माखलेले असतात. यावर ताईंनीच तोडगा काढला. तेलाची बाटली उघडायच्या आधी पांढरं वेगळं करून, मोजून, मिक्सरच्या भांड्यात झाकून ठेवायचं आणि बीटरही मशीनला लावून टाकायचं. मग बलकाचं मिश्रण, मग हात साबणाने धुणं, मग मशीन सुरू. मधल्या वेळात पांढरं खोलीच्या तापमानाला येतं, तो फायदा वेगळाच. बलकाच्या मिश्रणाचा स्पॅच्युला फेसाच्या भांड्यात बुडवायचा नाही, फोल्ड करायला सुरुवात होईपर्यंत.

परिणाम

पुढच्या काही आठवड्यांच्या नोंदीत कप 48 ते 52 ग्रॅमच्या बाहेर क्वचितच गेला, आणि तळाचा ओला पट्टा दिसेनासा झाला. एकदा कप 58 ग्रॅम भरला, तेव्हा ताईंनी तो फेस फोल्डच केला नाही. भांडं धुऊन नवं पांढरं घेतलं. बिघडलेलं पांढरं ऑम्लेटमध्ये गेलं. ते खायला काहीच वाईट नसतं, फक्त फेसाच्या कामाचं नसतं. त्या दिवशी काय झालं होतं हे शोधलं तर बीटरच्या तारा जिथे दांड्यात शिरतात त्या बेचक्यात बटरक्रीमचा वाळलेला थर सापडला. आता बटरक्रीमला वेगळा बीटर आहे.

वेगळं काय करता आलं असतं

वजन करणं पहिल्या बसलेल्या केकनंतरच सुरू करता आलं असतं. फोल्ड करण्याआधीचा कप हा शेवटचा असा टप्पा आहे जिथे नुकसान फक्त पांढऱ्याचं असतं. त्यानंतर तेल, मैदा, बलक आणि भट्टीचा एक तास, सगळंच पणाला लागतं.

मिनिटांकडेही आधी लक्ष जायला हवं होतं. ज्या मशीनवर एरवी सहा मिनिटं पुरतात, तिथे आठव्या मिनिटाला टोक वाकत असेल, तर दहाव्या मिनिटाला ते ताठ होण्याची शक्यता फार कमी असते. ताई प्रत्येक वेळी अजून थोडं, अजून थोडं करत राहिल्या, आणि त्यात वेळ तर गेलाच, शिवाय आधी तयार झालेलं बलकाचं मिश्रणही ओट्यावर ताटकळत राहिलं. आता त्यांनी स्वतःला आठ मिनिटांची मर्यादा घातली आहे. त्यापलीकडे मशीन बंद करून तळाशी द्रव आहे का ते पाहतात, आणि असेल तर पुढे जात नाहीत. चमचाभर फेस बोटांत चोळला आणि तो ओशट, पाणीदार लागला तर चरबी. कोरडा, गुठळ्यांचा लागला तर जास्त फेटलेला. या दोन्हींना उत्तरं वेगळी आहेत. दुसऱ्यात ताजं पांढरं घालून पाहता येतं, पहिल्यात नाही.

एक गोष्ट मात्र मी बदलली नसती. डबा सापडल्यावरही मुद्दाम तिसरा, बलक घातलेला भाग फेटून पाहिला, त्याला पांढरं आणि साखर वाया गेली असं मदतनीसाला तेव्हा वाटलं होतं. पण ओशट फेस कसा दिसतो हे त्याने स्वतः शेजारी ठेवून पाहिलं, म्हणून नंतरचा 58 ग्रॅमचा कप त्याच्याच लक्षात आला. "ताई, हा त्या तिसऱ्या भांड्यासारखा दिसतोय," असं तो म्हणाला, आणि वजन त्यानंतर झालं.